हिरव्या टिकेच्या पलीकडे: सॉफ्टवेअर टीम लीडना एक खुलं पत्र

पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, पणजी आणि जिथे जिथे मराठी माणसं कोड लिहितात तिथल्या सर्व टीम लीडना,



तुमच्या हातात एक छोटी फाइल असते. रिपॉझिटरीत `.github/pull_request_template.md` या नावाने ती पडून असते आणि टीममधल्या कुणीही नवी पुल रिक्वेस्ट उघडली की तिच्यातला मजकूर आपोआप समोर येतो. बहुतेक टीममध्ये ही फाइल कुणीतरी, कधीतरी, दुसऱ्या प्रोजेक्टमधून उचलून आणलेली असते. तिच्यात सात-आठ चेकबॉक्स असतात: टेस्ट लिहिल्या, लिंट चालवलं, डॉक्युमेंटेशन बदललं. इंजिनिअर सगळ्यांवर टिक करतो, वर ‘फिक्स्ड द इश्यू’ एवढं लिहितो, तिकिटाची लिंक चिकटवतो आणि रिव्ह्यूअरला टॅग करतो. रिव्ह्यूअर थेट कोडच्या फरकावर जातो. नावं नीट आहेत का, नल तपासलाय का, लूप बरोबर आहे का, हे पाहतो आणि अप्रूव्ह करतो.

या पत्राची मागणी त्या फाइलबद्दल आहे. ही मागणी का आहे, हे डेबियनमध्ये 2006 साली झालेल्या एका बदलातून नीट कळतं. तेव्हा गिटहब नव्हतं आणि आजच्या अर्थाची पुल रिक्वेस्टही नव्हती. पण बदल करणारा, त्याने विचारलेला प्रश्न, त्यावर आलेलं उत्तर आणि त्या उत्तराच्या भरवशावर पुढे गेलेला कोड, हे सगळं होतं.

डेबियन ही लिनक्सची एक मोठी वितरणप्रणाली. उबुंटू तिच्यावरच उभी आहे. डेबियनमध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीचं पॅकेज सांभाळणाऱ्यांकडे एक तक्रार आली. कुठलाही प्रोग्रॅम ओपनएसएसएल वापरत असेल आणि तो व्हॅलग्राइंड या तपासणी साधनाखाली चालवला, तर इशाऱ्यांचा पाऊस पडायचा. प्रारंभिक किंमत न दिलेली मेमरी वापरली जात आहे, असं व्हॅलग्राइंडचं म्हणणं होतं. रँडम आकड्यांमध्ये एकदा अशी मेमरी मिसळली, की त्या आकड्यांवर अवलंबून असलेल्या पुढच्या प्रत्येक ठिकाणी इशारा उमटतो. आपल्या प्रोग्रॅममधला खरा दोष शोधणाऱ्या माणसासाठी हा मोठाच त्रास होता. म्हणजे बदलामागचं कारण खरं होतं आणि हेतू सरळ होता.

माग काढल्यावर व्हॅलग्राइंडचं बोट `md_rand.c` या फाइलमधल्या दोन जागांकडे गेलं. दोन्ही जागी ओळ एकच होती:

```c
MD_Update(&m,buf,j);
```

अक्षर न अक्षर सारखी. पण पहिली ओळ ज्या फंक्शनमध्ये होती, त्याचं काम बाहेरून आलेली यादृच्छिक सामग्री साठ्यात मिसळणं हे होतं. तिथे `buf` म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडून मिळालेलं बीज. दुसरी ओळ साठ्यातून आकडे काढून देणाऱ्या फंक्शनमध्ये होती. तिथे `buf` म्हणजे ज्या रिकाम्या जागेत उत्तर लिहायचं ती जागा, आणि तिच्यातला जुना कचराही जाता जाता मिसळून घ्यावा एवढाच त्या ओळीचा उद्देश होता. दुसरी ओळ काढली तर फारसं बिघडत नव्हतं. किंबहुना मूळ लेखकांनीच तिच्याभोवती एक अट घालून ठेवली होती, म्हणजे प्युरिफाय नावाच्या तशाच साधनासाठी ती बंद करता यावी. पहिली ओळ काढली, तर बाहेरून बीज येत राही, पण साठ्यात मिसळलंच जात नसे.

डेबियनच्या पॅकेजमध्ये दोन्ही ओळी कॉमेंटमध्ये गेल्या.

त्याआधी ओपनएसएसएलच्या डेव्हलपरांना विचारलं गेलं होतं, हे लक्षात घ्यायला हवं. मे 2006 मध्ये विचारलेला तो प्रश्न प्रामाणिक होता. व्हॅलग्राइंडखाली डीबग करताना असे इशारे येतात, या त्या दोन ओळी, त्या काढल्या तर साठ्यात यादृच्छिकता कमी जाईल एवढाच परिणाम दिसतो, पण नेमकं काय होईल याची खात्री नाही, तुमचं मत काय, असा त्याचा आशय. त्यावर डीबगिंगला मदत होत असेल तर काढायला हरकत नाही, अशा अर्थाचं एक उत्तर आलं. सप्टेंबर 2006 मध्ये हा बदल असलेली आवृत्ती डेबियनच्या विकासशाखेत दाखल झाली आणि पुढे स्थिर आवृत्तीतही गेली.

दोष उघड झाला 13 मे 2008 ला. मधल्या वीसेक महिन्यांत डेबियन आणि उबुंटूवर या ओपनएसएसएलने तयार केलेल्या एसएसएचच्या चाव्या, वेबसाइटची प्रमाणपत्रं, व्हीपीएनच्या चाव्या, सगळ्या ओळखता येण्याजोग्या निघाल्या. बीज म्हणून बदलत राहणारी एकच गोष्ट उरली होती: प्रोसेसचा क्रमांक. लिनक्सवर तेव्हा तो साधारणपणे 32,768 च्या आत राहत असे. म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर, ठरावीक प्रकारची आणि आकाराची चावी बनवली, तर ती जेमतेम 32 हजार चाव्यांपैकी एक असणार. एवढ्या चाव्या आधीच बनवून एकेक लावून पाहणं कुणालाही शक्य होतं. नवी आवृत्ती बसवून भागत नव्हतं; जुन्या चाव्या शोधून, रद्द करून नव्या बनवाव्या लागल्या. डीएसए प्रकारची चांगली चावी अशा मशीनवर नुसती सही करायला वापरली असेल, तरी तीही गेली असंच धरावं लागलं.

या घटनेनंतर बरीच चर्चा चूक कुणाची यावर झाली. लीड म्हणून तुम्ही मे 2006 मधल्या त्या प्रश्नाचा मजकूर मात्र पुल रिक्वेस्टचं डिस्क्रिप्शन म्हणून वाचून पाहा. त्यात कारण होतं, नेमक्या ओळी होत्या, अगदी ‘खात्री नाही’ हेसुद्धा होतं. आजच्या कित्येक डिस्क्रिप्शनपेक्षा तो बरा होता. तरीही समोरच्याने बदलाला संमती दिली, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर वेगळाच बदल होता. डीबगिंगचा उल्लेख वाचून त्याने, कुणीतरी स्वतःच्या मशीनवर दोष शोधण्यापुरतं हे करत असावं, असं समजणं अगदी स्वाभाविक होतं. हा कोड लाखो लोकांच्या मशीनवर त्यांच्या चाव्या बनवणार आहे, हे त्या मजकुरात कुठे ठळक नव्हतं. आणि दोन ओळी सुट्या दाखवल्यामुळे त्या कुठल्या फंक्शनमधल्या आहेत, हे वाचणाऱ्याला स्वतः फाइल उघडल्याशिवाय दिसत नव्हतं.

इथून पहिली गोष्ट निघते. डिस्क्रिप्शनमध्ये उद्देश लिहायचा म्हणजे कोडमध्ये काय बदललं ते सांगायचं नाही; ते फरकात दिसतंच. आधी काय त्रास होता, कुणाला होता, आणि हा बदल मर्ज झाल्यावर कुठे, कुणासाठी चालणार, हे सांगायचं. ‘व्हॅलग्राइंडचे इशारे बंद केले’ ऐवजी ‘व्हॅलग्राइंडचे इशारे बंद करण्यासाठी, सर्व वापरकर्त्यांना जाणाऱ्या पॅकेजमधून, बीज मिसळणाऱ्या आणि आकडे देणाऱ्या अशा दोन फंक्शनमधली एकेक ओळ काढत आहे’ असं वाक्य असतं, तर वाचणारा ‘बीज मिसळणाऱ्या’ या शब्दांशी थबकला असता. लिनक्स कर्नलच्या पॅच पाठवण्याच्या मार्गदर्शिकेतही आधी समस्या सांगा, मग वापरकर्त्याला त्याचा काय परिणाम दिसतो ते सांगा, असाच क्रम दिलेला आहे. कर्नलचे मेंटेनर रोज अनोळखी माणसांचा कोड वाचतात, त्यामुळे हा क्रम त्यांना कामातूनच सापडला असणार.

धोक्याबद्दल लिहिताना बहुतेक जण ‘लो रिस्क’ लिहून मोकळे होतात. हा शब्द रिव्ह्यूअरला काहीच देत नाही, कारण तो तपासता येत नाही. त्याऐवजी दोन वाक्यं लिहायला लावा: हा बदल बरोबर ठरण्यासाठी कोणती गोष्ट खरी असायला हवी, आणि ती खरी नसेल तर काय झालेलं दिसेल. डेबियनच्या बदलात पहिलं वाक्य असं झालं असतं: ‘दोन्ही जागी `buf` मध्ये प्रारंभिक किंमत नसलेली मेमरीच असते, उपयोगाचं काही नसतं, असं गृहीत धरलं आहे.’ हे वाक्य खोटं होतं, आणि फंक्शन माहीत असलेल्या माणसाला ते पाच मिनिटांत खोटं ठरवता आलं असतं. दुसरं वाक्य याहून बोलकं: ‘गृहीतक चुकलं तर काहीच झालेलं दिसणार नाही, चाव्या बनत राहतील, नेहमीसारख्या दिसतील, फक्त अंदाज करता येण्याजोग्या असतील.’ चूक झाली तर ती दिसणारच नाही, असं लेखकाला स्वतःच्या हाताने लिहावं लागलं, की रिव्ह्यूअर आणखी एक माणूस बोलावतो.

चाचणीच्या बाबतीत हाच बदल फार शिकवून जातो. समजा कुणी खरोखर तपासायला बसलं असतं. ओळी काढल्या, लायब्ररी बांधली, टेस्ट चालवल्या, त्या पास झाल्या. मग हाताने शंभर चाव्या बनवल्या, त्या सगळ्या वेगळ्या निघाल्या. ‘मॅन्युअली टेस्टेड, शंभर चाव्या, एकही पुनरावृत्ती नाही’ असं लिहिलं असतं आणि ते शब्दशः खरं असतं. पण लिनक्स प्रोसेसना क्रमांक ओळीने देत जातो. एकाच मशीनवर एकामागोमाग चाव्या बनवल्या, तर प्रत्येकीचा प्रोसेस क्रमांक वेगळा, म्हणून चावीही वेगळी. क्रमांकांची फेरी पूर्ण होऊन ते पुन्हा सुरुवातीपासून येईपर्यंत पुनरावृत्ती दिसलीच नसती. दोष पकडायला वेगळा प्रयोग लागतो: प्रोसेस क्रमांक तोच ठेवून वेगवेगळं बीज द्यायचं आणि बाहेर येणारे आकडे बदलतात का ते पाहायचं.

म्हणून चाचणीच्या मथळ्याखाली ‘काय चालवलं’ याच्याइतकंच ‘या चाचणीत काय पकडलं गेलं नसतं’ हे हवं. बहुतेक टेम्प्लेटमध्ये हा प्रश्नच नसतो. तो असेल, तर लेखकाला लिहावं लागतं: ‘शंभर चाव्या एकाच मशीनवर बनवल्या, दोन मशीनवर सारख्या चाव्या निघतात का, ते पाहिलेलं नाही.’ रिव्ह्यूअरच्या मनात पुढचा प्रश्न उभा राहायला एवढं पुरतं.

आता रोजच्या कामाकडे येऊ, कारण तुमच्या टीममध्ये क्रिप्टोग्राफीचा कोड क्वचितच बदलत असेल. डेटाबेसवर इंडेक्स टाकणं मात्र दर महिन्याला होत असेल. समजा पोस्टग्रेसमध्ये `orders` नावाचं चार कोटी ओळींचं टेबल आहे. ग्राहकाच्या जुन्या ऑर्डर दाखवणारा स्क्रीन रेंगाळतो. इंजिनिअरने मायग्रेशन लिहिलं:

```sql
CREATE INDEX CONCURRENTLY idx_orders_cust_created
ON orders (customer_id, created_at DESC);
```

‘ऑर्डर्सवर इंडेक्स टाकला, परफॉर्मन्स सुधारणा’ एवढंच डिस्क्रिप्शन असेल, तर रिव्ह्यूअर कॉलमची नावं पाहील आणि अप्रूव्ह करेल. नीट लिहिलेलं डिस्क्रिप्शन साधारण असं असेल.

‘ग्राहकाचा ऑर्डर इतिहास उघडताना क्वेरी पूर्ण टेबल वाचते, सपोर्टच्या लोकांना फोनवर ग्राहकाला थांबवून ठेवावं लागतं. या क्वेरीसाठी ग्राहक आणि तारीख असा जोड इंडेक्स टाकत आहे. फक्त ग्राहकावरचा इंडेक्स घेतला नाही, कारण घाऊक ग्राहकांच्या ऑर्डर हजारोंनी आहेत आणि त्या प्रत्येक वेळी तारखेनुसार लावाव्या लागल्या असत्या.

‘साधा इंडेक्स बांधताना टेबलवरचं लिखाण थांबतं, म्हणजे तेवढा वेळ नवी ऑर्डर घेता येणार नाही. म्हणून `CONCURRENTLY` वापरलं आहे. ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, त्यामुळे या मायग्रेशनपुरती फ्रेमवर्कची आपोआप सुरू होणारी ट्रान्झॅक्शन बंद केली आहे. रिव्ह्यूत हे मुद्दाम पाहावं. `CONCURRENTLY` आधीपासून चालू असलेल्या जुन्या ट्रान्झॅक्शन संपण्याची वाट पाहतं, म्हणून रात्रीचा मोठा रिपोर्ट चालू असताना हे सोडू नये. मध्येच बंद पडलं तर अर्धवट इंडेक्स मागे राहतो. तो क्वेरीला उपयोगी पडत नाही, पण लिखाणाचा भार वाढवतो. डिप्लॉयनंतर खालील क्वेरीत त्याचं नाव दिसलं तर `DROP INDEX CONCURRENTLY` ने तो काढून पुन्हा सुरुवात करायची.’

```sql
SELECT indexrelid::regclass FROM pg_index
WHERE NOT indisvalid;
```

‘स्टेजिंगवर प्रॉडक्शनच्या आकाराची प्रत घेऊन बदलाआधी आणि नंतर `EXPLAIN (ANALYZE, BUFFERS)` चालवलं, दोन्हीचं आउटपुट खाली दिलं आहे. नंतरच्या प्लॅनमध्ये नवा इंडेक्स वापरला गेला आहे. स्टेजिंगवर एकाच वेळी ऑर्डर येत नव्हत्या, त्यामुळे चालू लिखाणात इंडेक्स बांधायला किती वेळ लागेल, हे मोजलेलं नाही.’

हे लिहायला वेळ जातो, ही तक्रार तुमच्याकडे येईल. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट इंजिनिअरने बदल करताना डोक्यात आणलेलीच असते. ती लिहून ठेवली नाही, तर रिव्ह्यूअरला पुन्हा शोधावी लागते. आणि समजा ती डोक्यात आलीच नव्हती, समजा ‘मध्येच बंद पडलं तर काय’ हा प्रश्न लिहिताना पहिल्यांदा पडला, तर तो वेळ अगदी योग्य जागी गेला. शिवाय शेवटच्या वाक्यामुळे डिप्लॉय करणारा माणूस गर्दीची वेळ टाळतो. हे काम कुठल्याही चेकबॉक्सने होत नाही.

प्रत्येक पुल रिक्वेस्टला एवढं लांब डिस्क्रिप्शन नको, हेही टीमला सांगा. बटणावरच्या मजकुरातली चूक दुरुस्त केली तर एक ओळ बस झाली. सगळ्यांना सारखाच लांब फॉर्म दिला, की माणसं सगळीकडे ‘लागू नाही’ लिहायला शिकतात आणि ज्या दिवशी ते खरंच लागू असतं त्या दिवशीही तेच लिहितात. तुमच्या टेम्प्लेटमधले चेकबॉक्स काढून टाका. लिंट आणि टेस्ट चालल्या की नाही, ते सीआय सांगतंच; माणसाकडून तेच वदवून घेण्यात अर्थ नाही. त्या जागी चार प्रश्न ठेवा, आणि बदल लहान असेल तर ते पुसून टाकायची मोकळीक द्या:

```
कुणाला काय त्रास होता? बदल कुठे चालणार?
कोणतं गृहीतक धरलं आहे?
ते चुकलं तर काय दिसेल? मागे कसं यायचं?
काय तपासलं आणि काय तपासलं नाही?
```

मागे येण्याच्या प्रश्नाला ‘रिव्हर्ट’ एवढंच उत्तर चालवून घेऊ नका. काही बदल कोड मागे घेऊनही परत येत नाहीत: कॉलम काढून टाकला, ग्राहकांना ईमेल गेले, जुन्या फॉरमॅटमधला डेटा नव्यात लिहिला गेला. 2008 मध्ये डेबियनने बीज मिसळणारी ओळ परत आणली तेव्हा कोड दुरुस्त झाला, पण जगभर पसरलेल्या चाव्या तशाच राहिल्या. रिव्हर्ट केल्यावर काय शिल्लक राहतं, तेही इंजिनिअरने त्याच जागी लिहायला हवं.

आणखी एक गोष्ट फक्त तुम्हीच करू शकता. रिव्ह्यू सुरू असताना बदल बदलतो. कुणी म्हणतं इंडेक्स तीन कॉलमांचा करा, कुणी म्हणतं हा भाग वेगळा काढा. कोड पुढे जातो आणि डिस्क्रिप्शन पहिल्या दिवसाचंच राहतं. नंतर स्क्वॉश मर्ज करताना गिटहबच्या सेटिंगमध्ये डिस्क्रिप्शन हाच कमिटचा मजकूर ठेवला असेल, तर तो जुना मजकूर कायमचा इतिहासात जातो. दोन वर्षांनी कुणीतरी `git blame` करून त्या ओळीपाशी पोचतं आणि जे घडलंच नाही ते वाचतं. अप्रूव्ह करण्याआधी डिस्क्रिप्शन आणि शेवटचा कोड एकमेकांशी जुळतात का, हे पाहणं रिव्ह्यूअरच्या कामात धरा, आणि जुळत नसतील तर एवढ्याच कारणासाठी बदल परत पाठवण्याचा अधिकार त्याला उघडपणे द्या. नवख्या रिव्ह्यूअरला सीनिअरच्या पुल रिक्वेस्टवर ‘धोक्याचं गृहीतक लिहिलेलं नाही’ असं म्हणायला संकोच वाटतो. लीडने स्वतःच्या पुल रिक्वेस्टवर अशी कॉमेंट आल्यावर काय केलं, हे सगळी टीम पाहत असते.

पुढच्या आठवड्यात जुन्या मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्टपैकी एखादी उघडा. शक्यतो अशी, जिच्यामुळे नंतर रात्री कुणाला फोन करावा लागला होता. तिच्या डिस्क्रिप्शनमध्ये वरच्या चार प्रश्नांपैकी कशाचं उत्तर होतं आणि कशाचं नव्हतं, हे ज्यांनी ती लिहिली आणि ज्यांनी ती तपासली त्यांना सोबत घेऊन वाचा. मग त्याच बैठकीत टेम्प्लेटची फाइल बदला, आणि तो बदलही पुल रिक्वेस्टनेच पाठवा, चारही उत्तरांसह.

कळावे,
तुमच्यासारखंच रोज इतरांचा कोड वाचणारं कुणीतरी